वाळूचं पोतं आणि पुढे ढकललेलं शूट: किंमत, पुरावा की गोष्ट, एका खुर्चीच्या ॲडची केस

क्लायंटची ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदललेत, आकडे थोडे गोल केलेत, पण जे घडलं ते आणि ज्या क्रमाने घडलं ते तसंच ठेवलंय. पैशांचे आकडे दिले नाहीत, त्याऐवजी एक सोपं माप वापरतो. एका ऑर्डरमागे ॲडवर जास्तीत जास्त जेवढा खर्च क्लायंटला परवडतो, तेवढा म्हणजे 1 युनिट. म्हणजे 20 युनिट खर्चून 20 ऑर्डरी आल्या तर जेमतेम काठावर, 25 आल्या तर चांगलं, 12 आल्या तर घरचं घालून धंदा.

पार्श्वभूमी

क्लायंट ऑफिसच्या खुर्च्या बनवून थेट स्वतःच्या वेबसाईटवरून विकतो. छोटी टीम, स्वतःचं गोडाऊन, मालक स्वतः प्रॉडक्टमध्ये घुसलेला माणूस. ॲड्स आधीपासून चालू होत्या, पण सगळ्या एकाच साच्यातल्या: पांढऱ्या बॅकग्राउंडवर खुर्ची, वर ब्रँडचं नाव, खाली ‘आरामाची नवी व्याख्या’ टाईपचं काहीतरी. एका ऑर्डरमागे 1.6 युनिटच्या आसपास खर्च पडत होता, म्हणजे प्रत्येक ऑर्डरवर तोटा, आणि तो रिपीट ऑर्डरमधून भरून निघेल म्हणावं तर खुर्ची काय माणूस दर महिन्याला घेत नाही.

माझ्याकडे ते आले तेव्हा निदान त्यांनीच करून आणलं होतं: आपली ॲड स्वस्तातली दिसते, चांगला व्हिडिओ शूट करू. डिरेक्टर ठरला होता, लोकेशन ठरलं होतं, स्क्रिप्ट तयार होती. स्क्रिप्टमध्ये मालकाचीच गोष्ट होती, भाड्याच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून रात्र रात्र काम करणारा तरुण आणि त्यातून जन्मलेला ब्रँड. खर्च साधारण 200 युनिट.

अडचण

स्क्रिप्ट वाईट नव्हती, खरं सांगायचं तर मला आवडली होती. पण मी विचारलं, की लोक ही खुर्ची घेताना नेमकं कशावर अडतात, तर कुणाकडेच उत्तर नव्हतं. मालक म्हणाले, "अहो, कनेक्ट झाला की घेतात लोक." मॅनेजर म्हणाला किमतीवर अडतात. गोडाऊन सांभाळणारा मुलगा, जो फोनही उचलायचा, तो म्हणाला, "सगळे एकच विचारतात, मोडणार नाही ना."

म्हणजे एकाच ऑफिसात तीन माणसं आणि तीन वेगवेगळ्या ॲड. आणि 200 युनिट जाणार होते त्यातल्या एकाच्या मतावर, जो योगायोगाने मालक होता.

इथे एक फरक सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कॉन्सेप्ट म्हणजे ॲड माणसाला घ्यायचं कारण कोणतं देतेय ते. किंमत हे एक कारण, पुरावा हे दुसरं, गोष्ट हे तिसरं. क्रिएटिव्ह म्हणजे ते कारण कुठल्या फोटोतून, कुठल्या व्हिडिओतून, कुठल्या ओळीतून सांगितलंय ते. कारणच चुकीचं असेल तर लाईट, कॅमेरा, म्युझिक यांनी ते बरोबर होत नाही, फक्त महाग होतं. आधीच्या वर्षभरात त्यांनी बटणाचा रंग, हेडलाईन, फोटोचा अँगल असं बरंच बदलून पाहिलं होतं, पण कारण एकदाही बदललं नव्हतं.

पर्याय

तीन रस्ते होते.

पहिला, शूट ठरल्याप्रमाणे करायचं. वेळ वाचतो, मालक खूश, पण चाललं नाही तर का चाललं नाही हे कळायला काहीच मार्ग नाही. गोष्ट चुकली, की ॲक्टर, की लांबी?

दुसरा, तिन्ही कॉन्सेप्टच्या ॲड करून एकाच ॲड सेटमध्ये, म्हणजे एकाच बजेटवर चालणाऱ्या ॲडच्या गटात, टाकायच्या आणि सिस्टीमला ठरवू द्यायचं. बहुतेक लोक हेच करतात. प्रॉब्लेम असा की एका ॲड सेटमध्ये मेटा, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवाली कंपनी, पैसे समान वाटत नाही, सुरुवातीच्या थोड्याशा इशाऱ्यावर एका ॲडकडे बहुतेक खर्च वळतो आणि बाकीच्यांना चिल्लर मिळते. मग तुम्ही म्हणता ‘पुरावा चालला नाही’, आणि बघायला गेलं तर पुराव्याची ॲड धड कुणाला दाखवलीच गेलेली नसते. रोजच्या कामासाठी हे ठीक आहे, पण ‘कुठलं कारण चालतं’ या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळत नाही.

तिसरा, तीन वेगळे ॲड सेट, समान बजेट, प्लॅटफॉर्मचं स्वतःचं A/B टेस्ट टूल वापरून ऑडियन्सचे तीन वेगळे गट, म्हणजे एकाच माणसाला किंमतवाली पण आणि गोष्टवाली पण ॲड दिसून खिचडी होणार नाही. हा रस्ता हळू आणि थोडा महाग. आम्ही हाच घेतला, आणि मालकांना पटवताना माझं एकच म्हणणं होतं की शूट रद्द नाही करत, पुढे ढकलतोय, आणि टेस्टचा खर्च शूटच्या निम्म्याच्या आत ठेवू.

अजून एक निर्णय इथेच घ्यावा लागला, ऑप्टिमाइझ कशावर करायचं. मेटाचं म्हणणं असतं की ॲड सेट लर्निंगमधून, म्हणजे ॲड कुणाला दाखवायची हे सिस्टीम शिकत असते त्या टप्प्यातून, बाहेर यायला आठवड्याला साधारण 50 रिझल्ट लागतात. आमच्या बजेटमध्ये एका सेटला आठवड्याला जास्तीत जास्त 15 ऑर्डरी येणार होत्या. मॅनेजरचं म्हणणं, मग ऑर्डरऐवजी ॲड टू कार्टवर चालवू, आकडे पटकन येतील. मोह होता, पण खुर्ची कार्टमध्ये टाकणारी माणसं आणि खुर्ची घेणारी माणसं वेगळी असतात, आणि सिस्टीमला कार्ट मागितलं की ती कार्टवालीच माणसं शोधून आणते. ऑर्डरवरच ठेवलं. तिन्ही सेट लर्निंगमध्येच अडकून राहणार हे मान्य केलं, तिघांचीही अडचण सारखीच होती.

काय केलं

क्रिएटिव्ह मुद्दाम कच्चे ठेवले. सगळं फोनवर, गोडाऊनमध्ये, एका दुपारी. तिन्हीकडे तीच खुर्ची, तोच रंग, तोच प्रकाश, मालकांची गोष्ट सोडली तर तोच बोलणारा माणूस (गोडाऊनवाला मुलगाच), म्हणजे फरक दिसला तर तो कारणामुळे असण्याची शक्यता जास्त. प्रत्येक कॉन्सेप्टच्या दोन ॲड, कारण एकच केली आणि ती फसली तर कॉन्सेप्ट फसला की ती ॲड फसली हे सांगता येत नाही.

किंमत: एकीत किंमत मोठ्या अक्षरात आणि मधले विक्रेते नाहीत म्हणून ती इतकी कमी का, दुसरीत महिन्याचा हप्ता.

पुरावा: एकीत लॅबच्या टेस्ट रिपोर्टचा फोटो आणि त्यातला मुख्य आकडा, दुसरीत वाळूचं पोतं. या पोत्याबद्दल जरा सांगतो. मुलाने स्वतःच सुचवलं. माणसाच्या वजनापेक्षा जड पोतं, छातीच्या उंचीवरून सरळ सीटवर सोडायचं. पहिल्या टेकला धाप्पकन असा आवाज आला की मागे पॅकिंग करणारे दोघं दचकून वळले, ते फ्रेममध्ये आलंय, पोतं एका बाजूने थोडं फाटून वाळू सांडली, खुर्ची खाली बसली आणि परत वर आली. आम्ही तोच टेक ठेवला.

गोष्ट: मालकांची स्क्रिप्ट लहान करून, एकदा त्यांनी स्वतः कॅमेऱ्यात बघून सांगितलेली, एकदा फोटो आणि मजकूर.

प्रत्येक सेटला दिवसाला 2 युनिट, 10 दिवस. म्हणजे प्रत्येकी 20, एकूण 60. आणि सुरू करायच्या आधी एका कागदावर लिहून मालकांना फोटो पाठवला: 10 दिवसांच्या आत काहीही बंद करायचं नाही, निर्णय ऑर्डरींवर, आणि ॲड थांबल्यावर आणखी 7 दिवस थांबून मगच आकडे वाचायचे, कारण आज क्लिक केलेला माणूस 5 दिवसांनी परत येऊन घेतो ती ऑर्डर पण मोजायची आहे.

तो कागद तिसऱ्या दिवशीच कामाला आला. सकाळी मालकांचा फोन. "किंमतवालीला 4 ऑर्डरी आल्या, पोतंवालीला 2. क्लिक पण किंमतवालीचेच स्वस्त पडतायत. पोतं बंद करून ते पैसे इकडे टाका ना." मी म्हटलं कागद बघा. ते म्हणाले कागद बघितला, पण पैसे माझे जातायत. रास्तच आहे. शेवटी मी त्यांना सांगितलं, 4 आणि 2 मध्ये फरक दोन माणसांचा आहे, त्यातल्या एकाचा पगार उद्या झाला असता तरी चित्र बदललं असतं. कुरकुरत मान्य केलं. तेव्हा मलाही आतून खात्री नव्हती, हे कबूल करतो.

पहिल्या फेरीचे आकडे

17 दिवसांनी, म्हणजे 10 दिवस ॲड आणि 7 दिवस वाट बघून, चित्र असं होतं. किंमतीला 1,240 क्लिक आणि 11 ऑर्डरी. पुराव्याला 760 क्लिक आणि 23 ऑर्डरी. गोष्टीला 820 क्लिक आणि 14 ऑर्डरी. खर्च तिघांचा सारखाच, 20 युनिट.

फक्त क्लिक बघून ठरवलं असतं तर किंमत जिंकली असती आणि तेही दणक्यात. ऑर्डरीत ती शेवटची. किंमतवालीच्या ऑर्डरी बहुतेक त्याच दिवशी यायच्या, म्हणून तिसऱ्या दिवशी ती पुढे दिसत होती. पुराव्याच्या ऑर्डरी तिसऱ्या, पाचव्या दिवशी येत होत्या, लोक बघून जायचे, घरात विचारायचे, परत यायचे.

आता 23 आणि 14 बघून मालक म्हणाले झालं, पोतं जिंकलं, शूट लावा. इथे मी परत अडलो. समान खर्चाच्या दोन बाजूंची तुलना करताना मी एक ढोबळ नियम वापरतो: दोन्हीकडच्या ऑर्डरींची बेरीज करायची, तिचं वर्गमूळ काढायचं, दुप्पट करायचं, आणि दोघांतला फरक त्यापेक्षा मोठा असेल तरच तो नुसता योगायोग नसावा असं धरायचं. 23 अधिक 14 म्हणजे 37, वर्गमूळ 6 च्या जरा वर, दुप्पट 12. आपला फरक 9. म्हणजे पुरावा पुढे दिसतोय, पण 200 युनिट लावण्याइतका नाही. किंमतीबरोबर मात्र फरक 12 आणि हवा होता पावणेबाराच्या आसपास, म्हणजे निसटता का होईना पार.

आणि दुसरी शंका त्याहून मोठी होती. पुराव्याच्या सेटमध्ये बहुतेक खर्च पोत्याच्या व्हिडिओवर गेला होता, रिपोर्टच्या फोटोला फारच थोडा. मग जिंकलं काय? पुरावा, की धाप्पकन पडणारं एक पोतं? जर नुसतं पोतं असेल तर ती एक मजेशीर क्लिप आहे, महिनाभरात लोक कंटाळणार. पुरावा असेल तर त्यातून दहा ॲड निघतात.

दुसरी फेरी

म्हणून किंमत बाजूला ठेवून पुरावा आणि गोष्ट यांची परत टेस्ट, प्रत्येकी 15 युनिट, आणि यावेळी जुन्या ॲड अजिबात वापरायच्या नाहीत. दोन्हीकडे नवीन. आणि ही फेरी एवढीच, निकाल आवडला नाही म्हणून लांबवायची नाही, हे पण आधीच ठरवलं, कारण मनासारखं उत्तर येईपर्यंत टेस्ट चालू ठेवली की कधी ना कधी ते येतंच.

गोष्टीसाठी मालकांऐवजी एका ग्राहकाची गोष्ट घेतली, घरून काम करणारी बाई, तिच्याच शब्दांत. पुराव्यासाठी पॅकिंग टेबलाजवळची तीन वर्षं वापरलेली खुर्ची उलटी करून तिची चाकं दाखवली, केस गुंडाळलेले, धूळ बसलेली, आणि मुलगा बोटाने एकेक चाक फिरवून दाखवतोय की अजून फिरतंय. दुसऱ्या ॲडमध्ये परत आलेल्या खुर्च्यांपैकी कुठला भाग खराब झाला म्हणून किती आल्या याचा साधा हाताने लिहिलेला तक्ता. मालकांना तक्ता दाखवायला नको होता, "आपणच आपली उणी दुणी का काढायची," म्हणाले. टाकला.

निकाल: पुरावा 17, गोष्ट 9. चाकांच्या व्हिडिओला आणि तक्त्याला दोन्हीला ऑर्डरी आल्या. दोन्ही फेऱ्या मिळून 40 विरुद्ध 23, बेरीज 63, वर्गमूळ जेमतेम 8, दुप्पट 16 च्या आत, आणि फरक 17. दोन फेऱ्यांची अशी बेरीज करणं काटेकोर नाही, क्रिएटिव्ह वेगळे होते, आठवडे वेगळे होते, पण कॉन्सेप्टच्या प्रश्नासाठी मला तेच हवं होतं, की चेहरा बदलला तरी कारण तेच चालतं का. पुराव्याला ऑर्डरमागे 0.88 युनिट, गोष्टीला 1.52. जुन्या पांढऱ्या बॅकग्राउंडपेक्षा गोष्ट फारशी वेगळी नव्हती, आणि 200 युनिटचं शूट गोष्टीचंच होणार होतं.

टेस्टचा एकूण खर्च 90 युनिट, त्यातून ऑर्डरी 74 आल्या, म्हणजे तो खर्च काही पाण्यात गेला नाही.

पॉलिश करताना झालेला घोळ

मग शूट झालं. स्क्रिप्ट बदलली, पोतंच ठेवलं, त्याच डिरेक्टरने केलं, आणि दिसायला फारच सुंदर झालं. 30 सेकंद. सुरुवातीला अंधारं गोडाऊन, एक दिवा लागतो, म्युझिक चढतं, लोगो येतो, माणूस पोतं उचलतो, सातव्या सेकंदाला पोतं स्लो मोशनमध्ये पडतं. आवाज काढून म्युझिकचा ठोका टाकला होता. वाळू सांडत नव्हती, पोतं नवीन होतं.

फोनवरच्या क्लिपसमोर लावून बघितलं, 10-10 युनिट. ऑर्डरी 12 विरुद्ध 7, कच्ची क्लिप पुढे. हे आकडे लहान आहेत, त्यावर मी काही बोललो नसतो. पण 3 सेकंद बघणाऱ्यांचं प्रमाण कच्च्या क्लिपला 34 टक्के आणि फिल्मला 21 टक्के होतं, आणि ते हजारो वेळा दाखवून आलेलं प्रमाण, तिथे योगायोग म्हणायला जागा नाही. लोक पोतं पडायच्या आधीच निघून जात होते. पुराव्याची ॲड आणि पुरावा सातव्या सेकंदाला!

डिरेक्टर नाराज झाला, साहजिक आहे. पण फुटेज चांगलं होतं म्हणून फक्त परत कापलं: पहिल्याच सेकंदाला पोतं पडतं, स्लो मोशन नाही, मूळ आवाज परत, म्युझिक पूर्ण बंद, लोगो शेवटी. आणि जुन्या क्लिपमधला तो दचकून वळणाऱ्या दोघांचा शॉट आत घातला. ही आवृत्ती ऑर्डरमागे 0.8 युनिटच्या आसपास बसली आणि बजेट दुप्पट केल्यावर सहा आठवडे 0.9 च्या आतच राहिली. त्यानंतर त्याच लोकांना ती वारंवार दिसायला लागली, खर्च वर सरकला, तेव्हा चाकं आणि तक्ता तयारच होते, तेच पॉलिश करून लावले.

पॉलिश करायला बसण्याआधी कच्च्या क्लिपमध्ये नेमकं काय काम करतंय याची दोन ओळींची यादी डिरेक्टरला द्यायला हवी होती, आवाज, पहिला सेकंद, सांडलेली वाळू. मी दिली नाही, मला वाटलं दिसतंय की सगळ्यांना. ती माझी चूक.

परत केलं तर काय वेगळं करेन

किंमतीवर अन्याय झाला, आणि तो माझ्याकडून. ॲड बंद झाल्यावर एकदा फोनवर ग्राहकासारखं सगळं स्वतः करून बघितलं, तर वेबसाईटवर रंग निवडल्याशिवाय किंमत दिसायचीच नाही, आणि हप्त्याचा तर पेजवर कुठे उल्लेख नव्हता. म्हणजे ॲड ओरडून सांगतेय किंमत बघा, आणि माणूस आत आला की किंमत गायब. 1,240 क्लिकमधून 11 ऑर्डरी यामागे हे किती आणि कॉन्सेप्टचा कमकुवतपणा किती, हे आता वेगळं करता येत नाही. पुराव्याचं पेज मात्र नशिबाने जुळत होतं, तिथे वरच टेस्टचे फोटो होते. म्हणजे खरं तर आम्ही ॲड अधिक पेज अशी जोडी तपासली आणि नाव दिलं कॉन्सेप्टचं. पुढच्या वेळी प्रत्येक कॉन्सेप्टला पेजचा वरचा पहिला स्क्रीन वेगळा, बाकी पेज तेच.

दुसरं, कॉन्सेप्ट ठरवताना आम्ही ऑफिसात बसून तिघांची मतं घेतली. गोडाऊनवाल्या मुलाकडे आधीच्या काही महिन्यांचे ग्राहकांचे मेसेज होते, ते टेस्ट झाल्यावर वाचले. वजन किती पेलते, चाकं टिकतात का, गॅस लिफ्ट बसली तर बदलून मिळते का, पानंच्या पानं. ते आधी वाचले असते तर गोष्टीऐवजी तिसरा कॉन्सेप्ट ‘बिघडली तर काय’ हा घेतला असता, वॉरंटी आणि पार्ट बदलून देण्याचा. तो अजून तपासलेला नाही, मालकांनी आता किंमतीचं पेज दुरुस्त करून घेतलंय आणि पुढच्या फेरीत किंमत आणि ‘बिघडली तर काय’ हे दोन समोरासमोर लावायचे ठरलेत, 20-20 युनिट, पोतं बाजूला चालूच ठेवून.